माकडांमागे धावणारा कुत्रा आणि नवीन येणारी मांजर: एका घरात ओळख कशी करून द्यावी?

समिधा_वाडीवाली | १९ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही देवगड तालुक्यात राहतो. जुनं चिऱ्याचं कौलारू घर, भोवती हापूसची कलमं. बंड्या आमचा गावठी कुत्रा, चार वर्षांचा, १८ किलो वजनाचा. स्वभावाने इतका गोड की गॅसवाला आला तरी त्याच्या खांद्यावर पाय टाकून तोंड चाटतो. आजवर कोणाला चावलेला नाही.

रत्नागिरीची माझी आत्या मुलाकडे परदेशी राहायला जातेय. तिची मांजर सोनी १ नोव्हेंबरला आमच्याकडे कायमची येणार आहे. पाच वर्षांची, नसबंदी झालेली, जन्मभर फ्लॅटमध्ये राहिलेली. कुत्रा तिने फक्त खिडकीतून पाहिलाय.

दोन अडचणी आहेत. कुत्रा बाहेर आणि मांजर आत, असं करता येत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या वाडीतले दोन कुत्रे बिबट्याने खळ्यातून उचलून नेले. तेव्हापासून बंड्या रात्री पडवीत असतो, दार लावून. दुसरं म्हणजे माकडं हाकणं हे त्याचं रोजचं काम. सासऱ्यांनी "छू" म्हटलं की तो सुटतो, आणि परत आला की शाबासकी मिळते. आता तसंच काहीतरी छोटं, शेपटीवालं, उड्या मारणारं घरात दिसलं तर तो काय समजेल?

सासूबाई म्हणतात, चार दिवसांत होते सवय. मला धीर होत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी पहिल्या दिवसापासून काय करायचं ते सांगा.

---

आबा_मालवणी | १९ ऑक्टोबर, रात्री १०:१५

बाय, कायएक करूची गरज नाय. आमच्या घराक तीन मांजरा नि दोन कुत्रे असत, एकाच पडवेत झोपतत. मांजरीन पयल्याच दिवशी कुत्र्याच्या नाकार एक फटको मारल्यान, तेच्यानंतर तो तिच्या वाटेक गेलो नाय. सासू सांगता ता ऐक.

---

प्राची_अलिबाग | १९ ऑक्टोबर, रात्री १०:३२

आमच्याकडे एक बोका रोज स्वयंपाकघरात शिरून मासे पळवतो. कुत्रा पाळला तर तो यायचा बंद होईल का? कुठली जात चांगली?

---

केतकी_मुरुड | १९ ऑक्टोबर, रात्री ११:०५

प्राची, तुझा प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढ. तोवर मासे झाकून ठेव, बोका आपणच दुसरं घर शोधेल.

समिधा, मी बारा वर्षं टाकून दिलेली कुत्री-मांजरं तात्पुरती घरी सांभाळते. अशा ओळखी बऱ्याच करून दिल्या, त्यातल्या दोन जमल्या नाहीत हेही आधीच सांगते.

आबा म्हणतात तसं घडतं, पण कुठे घडतं ते बघ. त्यांची मांजरं खळ्यात वाढलेली आहेत, कुत्र्यांसमोरच डोळे उघडलेली. त्यांना झाड, आडं, कौलं सगळ्या वाटा पाठ आहेत. सोनीला यातलं काही नाही. ती फटका मारायला थांबणार नाही, पळेल. आणि ती पळाली की बंड्या तेच करेल जे त्याला चार वर्षं शाबासकी देऊन शिकवलंय.

गोड स्वभावाचा कुत्रा म्हणजे काम सोपं, असं मानू नकोस. रागीट कुत्र्याला माणूस बांधून तरी ठेवतो. गोड कुत्र्याला "जा, मैत्री कर" म्हणून सोडतो, आणि तो आनंदाने तिच्या अंगावर झेपावतो. कुत्रा पुढचे कोपरे जमिनीला टेकून मागचा भाग वर करतो ते खेळायचं आमंत्रण असतं. मांजरीला ते झडप घालायची तयारी वाटते. ती शेपूट आपटते ती वैतागून, त्याला वाटतं हीसुद्धा शेपूट हलवतेय. दोघंही खरं बोलतात, भाषा उलटी.

आता मला एवढं सांग: तिला ठेवायला बंद होणारी खोली कुठली आहे, आणि त्या खोलीच्या वर काय आहे?

---

समिधा_वाडीवाली | २० ऑक्टोबर, सकाळी ७:२०

माजघराला लागून बाळंतिणीची खोली आहे, दार घट्ट लागतं. वर काय म्हणजे? कौलं आहेत.

---

केतकी_मुरुड | २० ऑक्टोबर, सकाळी ८:०२

हेच विचारायचं होतं. कौलारू घरात मधल्या भिंती आढ्यापर्यंत गेलेल्या नसतात. घाबरलेली मांजर कपाटावरून भिंतीवर, भिंतीवरून वाशावर आणि कौल सरकवून बाहेर जाते. नवीन जागेत पहिल्या आठवड्यात बाहेर पडलेली मांजर परतायची वाट ओळखत नाही. वर तक्तपोशी नाहीतर स्लॅब असलेली खोली हवी.

---

समिधा_वाडीवाली | २० ऑक्टोबर, सकाळी ८:४०

मागच्या बाजूला न्हाणीघराला जोडून एक स्लॅबची खोली काढलीय, पाहुण्यांसाठी. खिडकीला गज आहेत. ती चालेल? गजांतून मांजर जाईल असं आता वाटतंय.

---

केतकी_मुरुड | २० ऑक्टोबर, दुपारी १:१०

जाईल. खिडकीला आतून कोंबडीची जाळी ठोकून घे. ती पाहुण्यांची खोली आता सोनीची.

खोलीत एका कोपऱ्यात घमेलं, त्यात तीन-चार बोटं जाडीचा वाळूचा थर. समुद्रावरची ओली खारट वाळू नको. आत्या जी वापरते तीच पहिले पंधरा दिवस वापर, वास ओळखीचा लागतो. समोरच्या कोपऱ्यात जेवण आणि पाणी. एक पुठ्ठ्याचं खोकं आडवं, लपायला. आणि उंचावर बसायला काहीतरी, कपाटाचा माथा चालेल, पण तिथवर जायला मधे एक पायरी हवी. आत्याची न धुतलेली एक साडी किंवा चादर मागून घे, ती खोक्यात घाल.

ज्या दिवशी ती येईल त्या दिवशी बंड्या घरात नको. सासऱ्यांना त्याला वाडीत न्यायला सांग. पिंजरा ओटीवर ठेवून "बघ कोण आलंय" हा समारंभ करायचा नाही. ती थेट खोलीत, दार बंद. मग बंड्या घरात.

---

नाना_गुहागर | २० ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४५

केतकीताईंचं पटलं. वासाचं महत्त्व मोठं आहे. मांजरीच्या गालावरून कोरडं सुती फडकं फिरवायचं आणि ते कुत्र्याला हुंगायला द्यायचं. कुत्र्याच्या गोणपाटाचा तुकडा मांजरीच्या खोलीत टाकायचा. आम्ही हे केलं होतं.

त्यानंतर मी सांगतो ती सोपी युक्ती. मांजरीला पिंजऱ्यात ठेवायचं, पिंजरा माजघरात मधोमध, आणि कुत्र्याला मोकळं सोडायचं. ती सुरक्षित असते, तो तासभर फेऱ्या मारून कंटाळतो. दोन दिवसांत प्रश्न मिटतो.

---

केतकी_मुरुड | २० ऑक्टोबर, रात्री ८:३०

नाना, फडक्याचं अगदी बरोबर. गालातून जो वास येतो तो मांजर स्वतःच्या घराला लावत असते, तो शांत वास आहे. गोणपाट मात्र तिच्या जेवणाजवळ नको. आधी दाराशी ठेवायचं. फिस्कारली तर आणखी लांब.

पिंजऱ्याचं मात्र करू नका. त्यात कुत्रा कंटाळतो हे तुम्हाला दिसतं. आत बसलेलीला काय शिकायला मिळतं? की हा प्राणी जवळ आला की पळायला जागा नसते. ती गप्प बसते कारण भीतीने गोठते. लोक म्हणतात, बघा शांत झाली. पुढे दार उघडल्यावर कळतं.

---

नाना_गुहागर | २० ऑक्टोबर, रात्री ९:१२

आमची गप्पच बसली होती खरी. नंतर तीन महिने माळ्यावरून खाली उतरत नव्हती. आम्ही समजत होतो तिला माळा आवडतो.

---

रोहित_पेण | २१ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

थोडं जड लिहितोय. आमचा लॅब्रॅडॉर, ३२ किलो, अतिशय प्रेमळ. पोरं त्याच्या अंगावर झोपायची. भावाने दीड महिन्याचं मांजराचं पिल्लू आणलं. पाच दिवस सगळं छान, तो तिला चाटायचा, आम्ही फोटो काढत होतो. सहाव्या दिवशी मी फोन घ्यायला आतल्या खोलीत गेलो. त्याने खेळताना वरून पंजा मारला, कुत्र्याशी खेळताना मारतो तसा. पिल्लाची पाठ मोडली. रक्त नाही, ओरखडा नाही. त्याला कळलंच नाही, तो तिला नाकाने ढकलून उठवत होता.

समिधाताई, सोनी मोठी आहे म्हणून तुमचं वेगळं. पण "काही करणार नाही" आणि "त्याला काही करायचं नव्हतं" या दोन गोष्टी मी एक समजत होतो.

---

समिधा_वाडीवाली | २१ ऑक्टोबर, दुपारी ३:००

रोहित, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण खिडकीला जाळी ठोकायला माणूस त्यांनीच बोलावला.

---

समिधा_वाडीवाली | २ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:५०

सोनी काल दुपारी आली. कॉटखाली शिरलीय ती बाहेर नाही. पाणी थोडं प्यायलीय, खाल्लं काही नाही. २७ तास झाले.

---

पशुवैद्य_चिपळूण | २ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२५

पहिला दिवस न खाणं समजू शकतो, पण यात थांबून बघायची मर्यादा आहे. मांजराने दोन दिवस काहीच खाल्लं नाही, विशेषतः ती गुबगुबीत असेल, तर शरीरातली चरबी यकृतात साचायला लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. उद्या दुपारपर्यंत खाल्लं नाही तर जवळच्या डॉक्टरांना दाखवा.

आत्ता एक करा. बांगडा मीठ-हळद न घालता उकडा, काटे काढा, कोमट असतानाच वाटीत घाला आणि वाटी कॉटच्या कडेला ठेवा. मांजर वासावर जेवतं आणि गार अन्नाला वास कमी. तुम्ही खोलीत बसू नका.

---

समिधा_वाडीवाली | २ नोव्हेंबर, रात्री ११:४०

वाटी चाटूनपुसून स्वच्छ!! घमेल्यातही एक खड्डा दिसला. आज शांत झोप लागेल.

---

आबा_मालवणी | ३ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

बांगडो कोणाक आवडणा नाय? बरा झाला.

---

समिधा_वाडीवाली | ७ नोव्हेंबर, रात्री ९:००

आता ती मी गेले की पायाला अंग घासते. बंड्याला फडकं हुंगायला दिलं. पहिल्या दिवशी मिनिटभर नाक काढेना, लाळ गळत होती. आज दोनदा हुंगून निघून गेला. निघून गेला की मी कोंबडीच्या उकडलेल्या काळजाचा नखाएवढा तुकडा देते.

बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांची जेवणं चालू केली. बंड्याची थाळी दहा फुटांवरून सुरू केली, आज चार फुटांवर आलोय. सहा फुटांवर असताना एकदा सोनी जेवण सोडून कॉटखाली गेली होती, म्हणून एक दिवस मागे सरकले. दिसायची पायरी कधी?

---

केतकी_मुरुड | ७ नोव्हेंबर, रात्री ९:४५

मागे सरकलीस ते उत्तम केलंस. दाराशी दोघंही सलग तीन दिवस थाळी संपेपर्यंत जेवले की पुढची पायरी.

दाराच्या चौकटीत लाकडी फ्रेमवर कोंबडीची जाळी ठोकून दुसरं दार कर. मासेमारीचं जुनं जाळं घरात असेल तरी ते वापरू नको, नखं अडकतात आणि अडकलेली मांजर वेडी होते. बंड्या पट्ट्यात, पट्टा तुझ्या हातात, जाळीपासून १५-२० फूट. पाच मिनिटं पुरे. तो तिच्याकडे बघेल, बघू दे. ज्या क्षणी आपणहून तुझ्याकडे मान वळवेल, त्या क्षणी "शाबास" आणि काळीज. तिच्याकडे न बघणं फायद्याचं आहे, एवढंच त्याला शिकवायचंय. त्याने तिच्यावर प्रेम करावं अशी माझी अपेक्षा नसते. ती त्याला कंटाळवाणी वाटली की मी जिंकले.

आणि तोंडाकडे बघ. तोंड उघडं, अंग सैल, कुल्ले हलतायत, तर ठीक. तोंड मिटलं, अंग लाकडासारखं, नजर खिळली आणि काळीज नाकाशी नेलं तरी घेत नाही, तर तो फार जवळ आहे. ओरडायचं नाही, पट्टा हिसकायचा नाही. सरळ वळवून लांब न्यायचं.

---

समिधा_वाडीवाली | १२ नोव्हेंबर, रात्री ८:१५

आज सगळं बिघडलं. पहिलीच भेट. संध्याकाळी साडेपाचला माकडांची टोळी आली होती, बंड्या अर्धा तास धावून आला आणि दमलाय तर शांत असेल म्हणून मी लगेच त्याला जाळीसमोर नेलं. पंधरा फुटांवर ठीक होता. सोनी कपाटावरून खाली उतरली आणि तो गोठला. ताईंनी लिहिलं होतं तसंच, तोंड मिटलं. मी काळीज काढेपर्यंत पट्टा हातातून सुटला आणि तो जाळीवर आदळला. जाळी टिकली. सोनी दुप्पट फुगून कॉटखाली. दुपारपासूनचं घमेलं कोरडं आहे.

माझ्यामुळे दहा दिवस वाया गेले का?

---

केतकी_मुरुड | १२ नोव्हेंबर, रात्री ८:५०

वाया नाही गेले. जाळी होती म्हणून ही चूक परवडली.

माकडांमागून आलेला कुत्रा दमलेला दिसतो, पण आतून पेटलेला असतो. ती धग उतरायला तास-दोन तास लागतात, कधी रात्र जाते. त्याच तारेत त्याला झाडावरून उतरणारी शेपूट दाखवलीस, म्हणजे कपाटावरून. पुढच्या भेटी सकाळी, माकडं यायच्या आधी, फिरून आल्यावर. ज्या दिवशी माकडं आली त्या दिवशी भेट रद्द. पट्ट्याची मूठ मनगटात अडकवून घे.

दोन दिवस नुसतं बंद दार आणि जेवण. मग जाळीच्या खालच्या अर्ध्या भागावर चादर बांध आणि २५ फुटांपासून सुरू कर. आणि सासऱ्यांशी बोल. घराच्या आवारात "छू" हा शब्द बंद. वाडीत हवा तर तिथे.

---

पशुवैद्य_चिपळूण | १२ नोव्हेंबर, रात्री ९:३०

सोनीने उद्या सकाळपर्यंत लघवी केली नाही तर दाखवून घ्या. बोका असता तर मी आजच रात्री या म्हटलं असतं. ताणाने बोक्यांचा मूत्रमार्ग तुंबतो, तो घमेल्यात बसून कुंथतो आणि थेंब येत नाही. ती तातडीची वेळ असते.

दुसरं, बंड्याला गोचिडांसाठी काय लावता?

---

समिधा_वाडीवाली | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

पहाटे केली, मोठा गोळा झालाय वाळूचा. हुश्श.

गोचिडांसाठी सासरे गुरांवर फवारायचं औषध पाण्यात घालून त्याला पुसतात, महिन्यातून एकदा. का?

---

पशुवैद्य_चिपळूण | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

ते आजपासून बंद करा. गुरांच्या त्या औषधांत बहुतेक वेळा सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ असतं. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन असतं. कुत्र्याला ते सोसतं. मांजराचं यकृत यातली बरीच द्रव्यं मोडू शकत नाही. कुत्र्याच्या अंगाला घासून किंवा त्याचं अंथरूण चाटूनही मांजराला विषबाधा होते: आधी कान आणि कातडी थरथरते, मग सगळं अंग, मग झटके. असं दिसलं तर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने अंग धुवायचं आणि तसंच उचलून डॉक्टरकडे आणायचं.

घरात मांजर असलं तर कुत्र्याला पोटात द्यायची गोचिडाची गोळी बरी, वजनानुसार डॉक्टरांकडून घ्या. तुमच्या सगळ्या पायऱ्या नीट झाल्या आणि एक दिवस ती त्याच्या कुशीत झोपली, तर या औषधाने ती जाईल, म्हणून मधेच बोललो.

---

नाना_गुहागर | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

डॉक्टर, हे मला वयाच्या ६४ व्या वर्षी कळतंय. गोठ्यातली बाटली बाजूला केली.

---

समिधा_वाडीवाली | २७ नोव्हेंबर, रात्री ९:१०

पंधरा दिवसांचा हिशेब देते. रोज सकाळी सातला, पाच-पाच मिनिटं, मधे विश्रांती देऊन दोनदा. चार दिवस माकडांमुळे रद्द. २५ फुटांवरून सुरुवात केली, मग हळूहळू पुढे. १२ फुटांवर तो पुन्हा गोठायला लागला तेव्हा १५ वर परत गेले आणि तिथे चार दिवस काढले.

परवा एक गंमत झाली. सोनी उडी मारून खाली उतरली, बंड्याने पाहिलं आणि ताडकन मान माझ्याकडे वळवली, "दे काळीज" म्हणून. मी "शाबास" म्हणायच्या आधीच! आज चादर काढली. आठ फुटांवर तो खाली बसला आणि सोनी जाळीपलीकडे पाय चाटत होती.

सासऱ्यांनी "छू" सोडलंय. वाडीत आता शिट्टी मारतात.

---

केतकी_मुरुड | २७ नोव्हेंबर, रात्री ९:३५

त्याच्यासमोर अंग चाटत बसली! घाबरलेलं मांजर सहसा असं करत नाही. आता जाळी उघडायची.

सोनीला उचलून माजघरात आणू नको, तिची ती येऊ दे. दार उघडं राहील, खोली तिचीच. माजघरात तिला जमिनीला पाय न लावता एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाता आलं पाहिजे: पेटारा, फडताळ, पुन्हा पेटारा. बंड्याला आधी लांब फिरवून आण. सुरुवातीला पट्टा हातात, मग आठवडाभराने सहा-सात फुटांचा हलका दोर गळपट्ट्याला बांधून जमिनीवर लोळू दे. काही झालं तर दोरावर पाय द्यायचा, अंगावर धावायचं नाही.

---

आबा_मालवणी | २८ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

इतक्या दिवसात माझ्याकडे तीन वेळा पिल्ला झाली असती. पण पोरगी नेटान करता, ता बघून बरा वाटता.

---

समिधा_वाडीवाली | १४ डिसेंबर, दुपारी २:२०

दोन आठवडे माजघरात दोघं रोज तासभर असतात. बंड्या बहुतेक वेळ पडून असतो. एकदा सोनी वाकून त्याच्या शेपटीचा वास घेऊन गेली.

पण नवीनच प्रकार सुरू झालाय. सोनीने आठवड्यात दोनदा गोधडीवर लघवी केली. भांडण नाही, गुरगुरणं नाही. डॉक्टरांना दाखवलं, संसर्ग नाही म्हणाले. मग का?

---

केतकी_मुरुड | १४ डिसेंबर, दुपारी ३:०५

बंड्या नेमका कुठे पडलेला असतो?

---

समिधा_वाडीवाली | १४ डिसेंबर, दुपारी ३:१२

तिच्या खोलीच्या उंबरठ्यावर. तिथे लादी गार लागते.

अरे देवा. घमेलं आत आहे.

---

केतकी_मुरुड | १४ डिसेंबर, दुपारी ३:४०

हेच. तो काही करत नाही, नुसता झोपतो. पण तिला त्याला ओलांडून जायची हिंमत होत नाही, म्हणून ती तासन् तास रोखून धरते. माजघराच्या दुसऱ्या टोकाला एक घमेलं ठेव, जिथे दोन बाजूंनी जाता येईल. आणि बंड्याचं गोणपाट उंबरठ्यापासून लांब, भिंतीशी घाल. तिथे पडला की काळीज, उंबरठ्यावर पडला की न बोलता उठवायचं. गोधडी गरम पाण्याने नीट धू, वास राहिला तर ती पुन्हा तिथेच जाईल.

---

रोहित_पेण | १४ डिसेंबर, रात्री १०:००

दोघांना एकटं सोडायला किती दिवसांनी सुरुवात करायची? मला हे कळलं नव्हतं म्हणून विचारतो.

---

केतकी_मुरुड | १४ डिसेंबर, रात्री १०:२५

मी किमान महिनाभर एकही पाठलाग झाला नाही असं पाहते, आणि त्यानंतरही पहिल्यांदा पाच मिनिटंच दाराआडून. रात्री मात्र त्यांच्यात बंद दार, वर्षभर तरी.

---

नाना_गुहागर | १५ डिसेंबर, सकाळी ८:१५

वर्षभर मला जास्त वाटतं. आमच्याकडे आता दोघं एका अंथरुणावर झोपतात.

---

केतकी_मुरुड | १५ डिसेंबर, सकाळी ८:५०

तुमचा कुत्रा माकडांच्या कामावर नाही, नाना. बंड्या रात्री पडवीत बिबट्याच्या नाहीतर कोल्ह्याच्या वासाने भुंकत उठतो, त्या क्षणी समोरून मांजर पळाली तर काय, याची खात्री मी देऊ शकत नाही.

---

समिधा_वाडीवाली | २९ डिसेंबर, संध्याकाळी ७:३०

घमेल्याने गोधडी वाचली, पंधरा दिवस काही नाही. घरात आता दोर लोळत असतो पण त्यावर पाय द्यायची वेळ आली नाही. काल सोनी पेटाऱ्यावरून त्याच्या शेजारी उतरली, नाकाला नाक लावलं आणि चुलीकडे गेली. सासूबाई म्हणाल्या, "माझे चार दिवस जरा लांबले."

पण आज सकाळी मागचं दार उघडं राहिलं आणि सोनी पहिल्यांदा खळ्यात आली. बंड्या तिथे होता. घरात जिच्याकडे बघतही नाही, तिच्यामागे खळ्यात सुटला. ती सरळ कलमावर, वरच्या फांदीपर्यंत. तो खाली उभा राहून भुंकत होता, माकडांवर भुंकतो तसा. मी "बंड्या, शाबास?" असं विचारल्यासारखं म्हटलं तर वळून आला, पण आधी सुटला हे खरं. तिला उतरवायला शिडी आणि उकडलेला बांगडा लागला.

हे असं कसं? घरात जमलेलं बाहेर का जमत नाही?

---

केतकी_मुरुड | २९ डिसेंबर, रात्री ८:१०

कारण तो "सोनीला धरायचं नाही" हे शिकलेला नाही, "माजघरात सोनीला धरायचं नाही" हे शिकलाय. कुत्रं जागेसकट शिकतं. खळं ही त्याची कामाची जागा आहे, तिथे झाड आणि शेपूट यांचा एकच अर्थ आहे.

खळ्यात पुन्हा पहिल्यापासून: पट्टा, २५ फूट, सकाळ, काळीज. फक्त या वेळी लवकर होईल, कारण हाक ऐकून वळला ना, ते घरातलंच शिक्षण आहे. सोनी खळ्यात मात्र मोकळी नको. खिडकीतल्या जाळीमागे ती, बाहेर तो. मोहोर आला की माकडं वाढतील, तेव्हा किती जमेल हे मला सांगता येत नाही. कदाचित तिला कायम घरातच ठेवावं लागेल. फ्लॅटमध्ये वाढलीय, तिला ते चालेल.

---

आबा_मालवणी | २९ डिसेंबर, रात्री ८:४०

माकडा येतत तेव्हा दोघांकव आत घेवा नि तुमीच जावा हाकूक.

---

समिधा_वाडीवाली | ३० डिसेंबर, सकाळी ७:५०

सासरे म्हणतायत, मोहोर आल्यावर बंड्याला सकाळी नऊनंतर लांबच्या कलमांकडे न्यायचं आणि खळ्यातली माकडं ते स्वतः गोफणीचा आवाज करून हाकतील. बघू.

आज सातला खिडकीची पहिली भेट झाली. २५ फूट, पाच मिनिटं. सहा वेळा तिच्याकडे पाहिलं, चार वेळा माझ्याकडे वळला. काळीज संपलंय, देवगडला बाजारात जातेय.